परिपत्रकावरचे लाल शेरे

ह्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. आजवर कोणी ठेवलेला नाही, आणि जो ठेवेल त्याने अक्कल गहाण टाकली आहे असं खुशाल समजावं. पण तुमची प्रूफं निघायला अजून वेळ आहे, छापखान्यातला हा बाक बसायला कडक आहे, आणि नुसतं पंख्याकडे बघत बसून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. तेव्हा ऐका. ताई, तू तुझं टायपिंग चालू ठेव. कान मोकळा असेल तर एक इकडे लाव, नसेल तर राहू दे.

एका शाळेत मराठीच्या एक बाई होत्या. तासावर नेमलेल्या. म्हणजे जितके तास शिकवले तितक्याचा पगार, आणि शाळेला सुट्टी लागली की बाईंच्या पगारालाही सुट्टी. पोरं त्यांना लालबाई म्हणायची, कारण त्यांच्या अंबाड्यात कायम एक लाल पेन खोचलेलं असे. ते हातात आलं की समोर कोणता कागद आहे हे बाईंना दिसत नसे. दिसायची ती फक्त चूक. नवऱ्याने वाणसामानाची यादी लिहिली तर खाली शेरा पडायचा, ‘साबण दोनदा. लक्ष कुठे आहे?’ विजेचं बिल आलं तर त्यावर ‘रीत दाखवा’. असं म्हणतात की वीज कंपनीने पुढच्या महिन्यात खरंच रीत दाखवली आणि बिल निम्म्यावर आलं. पण ते सोडा, ती वेगळी गोष्ट.

तर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एक दिवस लालबाईंना खोलीत बोलावलं. टेबलावर गेल्या वर्षीचं परिपत्रक पडलं होतं. ते बघितल्यावर शाळेतली भिंतसुद्धा मान खाली घालायची. गेल्या वर्षी त्यात परीक्षेची तारीख बरोबर आणि वार चुकलेला, अशी कामगिरी झाली होती. अर्धी शाळा वाराप्रमाणे आली, अर्धी तारखेप्रमाणे, आणि एकच पेपर दोनदा काढावा लागला.

“बसा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “ह्या वर्षीचं पालकांचं परिपत्रक तुम्ही तपासायचं. शुल्क, सुट्ट्या, परीक्षा, तीनच मुद्दे आहेत. एका पानाचं काम. संस्थेची बैठक महिनाअखेरीला आहे. हे परिपत्रक एकही चूक न होता पालकांच्या हातात पडलं, तर तुम्हाला कायम करायचं पत्र मी स्वतः बैठकीत ठेवते.”

“आणि चूक राहिली तर?”

“तर तासावर नेमणूक करायला माणसं रांगेत उभी आहेत, बाई. तुम्हाला माहीत आहे.”

लालबाई बाहेर आल्या तेव्हा पाय जमिनीवर होते, पण जीव नव्हता. सात वर्षं त्या तासावर होत्या. सात वर्षं प्रत्येक सुट्टीच्या आधी घरात तेच बोलणं व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, “सुट्टी लागली वाटतं. आता डाळीत पाणी वाढणार.” हे एकदाचं थांबवायचं होतं. एका पानाचं काम. त्यात कठीण काय?

कठीण होते ते भाऊसाहेब. शाळेचे हेडक्लार्क. माणूस सरळ, पण इतका सरळ की वळणावरही सरळच जायचा. परिपत्रक तयार करायची त्यांची पद्धत ठरलेली होती. गेल्या वर्षीचं छापील परिपत्रक घ्यायचं, जुने आकडे खोडायचे, वर नवे लिहायचे. हे नवे आकडे ह्या वेळी मोठ्या बाईंनी स्वतः हिरव्या शाईने घातले होते आणि खाली सही ठोकली होती. ती झाली मूळ प्रत. ती छापखान्यात गेली, तिथे छापखाना चालवणाऱ्या अण्णांनी टाईप केली, आणि पहिलं प्रूफ, म्हणजे तपासायची कच्ची प्रत, मूळ प्रतीसकट शाळेत परत आलं.

मधल्या सुट्टीत दोघं शिक्षकखोलीत बसले. प्रूफ वाचायची रीत अशी की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर डोळा ठेवायचा. भाऊसाहेबांनी गळा साफ केला आणि ते एका सुरात सुरू झाले, दळण दळावं तसं.

“सर्व पालकांना कळविण्यात येते की स्वल्पविराम दुसऱ्या सत्राचे शुल्क दिनांक वीस पर्यंत शाळेच्या कार्यालयात भरावे पूर्णविराम. पुढचा मुद्दा. सत्रांत सुट्टी दिनांक बारा ते सव्वीस राहील पूर्णविराम.”

“थांबा,” लालबाई म्हणाल्या.

“काय सुटलं?”

“सुटलं काही नाही. वीस तारखेपर्यंत पैसे भरायचे, आणि बारा ते सव्वीस शाळा बंद. मग वीसला कार्यालयात बसणार कोण?”

भाऊसाहेबांनी मूळ प्रत नाकाजवळ नेली. “मुळात वीसच आहे. मोठ्या बाईंच्या अक्षरात.”

“पण शाळा बंद आहे.”

“बाई, आपण प्रूफ वाचतोय, शाळा चालवत नाही. मुळात जे आहे ते प्रुफात आहे का? आहे. मग पुढे चला.”

आता एक खरं, प्रूफ वाचणाऱ्याने मूळ मजकुरात आपल्या मनाने बदल करायचा नसतो. शंका आली तर समासात लिहायची, तिच्याभोवती गोल करायचा, आणि ज्याचा मजकूर आहे त्याला विचारायचं. बाईंना हे माहीत होतं. त्यांनी अंबाड्यातलं लाल पेन उपसलं. आणि तिथेच घात झाला, कारण पेन हातात आल्यावर समोरचं परिपत्रक हे परिपत्रक राहिलं नाही. ती आठवीतल्या एखाद्या पोराची वही झाली.

शुल्काच्या ओळीसमोर त्यांनी लिहिलं, ‘वीसला शाळा बंद. जरा विचार करा.’

सुट्टीची ओळ बघून बाईंनी बोटांवर दिवस मोजले. दरवर्षी ही सुट्टी आठ दिवसांची असायची, ती अचानक पंधरा दिवसांची झाली होती. पंधरा दिवस पगार नाही. त्यांनी जरा जोरातच लिहिलं, ‘इतकी का? कारण लिहा.’

परीक्षेच्या मुद्द्यात एवढंच होतं की परीक्षा एकोणतीसपासून सुरू होईल व वेळापत्रक यथावकाश कळविण्यात येईल. त्यासमोर पडलं, ‘मोघम. पुन्हा लिहून आणा.’ आणि पान संपल्यावर हात थांबेना. सात वर्षांची सवय. प्रुफातला टाईप बारीक आणि दाटीवाटीचा होता, तेव्हा तळाला लिहिलं गेलं, ‘प्रयत्न चांगला. अक्षर सुधारा.’ मग ह्या सगळ्यांना गोल. पण बाईंची गंमत अशी की ज्या दोन-चार खऱ्या दुरुस्त्या होत्या, सुटलेला स्वल्पविराम, एक उलटलेला आकडा, त्यांनाही त्यांनी गोलच केले. वहीत चुकीला गोल करतात, तसे.

“हे मोठ्या बाईंना दाखवा,” त्या उठता उठता म्हणाल्या, “आणि दुसरं प्रूफ मला दाखवल्याशिवाय छापायला देऊ नका.”

“दाखवतो ना. तुम्ही काळजीच करू नका.”

ज्याला कोणी हे वाक्य ऐकवलं आहे त्याला माहीत आहे की काळजी इथूनच सुरू होते. घंटा झाली आणि बाई वर्गावर गेल्या.

भाऊसाहेब मोठ्या बाईंच्या खोलीकडे गेले. दाराला कडी. त्या संस्थेच्या कार्यालयात गेल्या होत्या. तेवढ्यात छापखान्यातून निरोप आला की मशीन आजच मोकळं आहे, उद्यापासून दुसऱ्या कामावर लागेल. भाऊसाहेबांनी विचार केला नाही असं नाही. त्यांनी केला. पण सरळ केला, आणि प्रूफ सरळ अण्णांकडे पाठवून दिलं.

ताई, तू मान हलवतेस ती दिसली मला.

“गोल केलेलं टाईप करत नाहीत, आजोबा,” ताई पाठमोरीच म्हणाली. “गोल म्हणजे विचारणा. पहिल्या आठवड्यात शिकवतात.”

अगदी बरोबर. पण सगळ्यालाच गोल असेल तर? स्वल्पविरामाला गोल, आकड्याला गोल, ‘जरा विचार करा’लाही गोल. अण्णांनी एकदा एका गिऱ्हाइकाचा समासातला मजकूर गाळला होता आणि त्या गिऱ्हाइकाने पुरं काम फुकट करून घेतलं होतं. तेव्हापासून अण्णांचा नियम एकच, समासात जे दिसेल ते आत. शिवाय शाळेचा कागद. शाळेच्या कागदावर लाल शाईत काही लिहिलं असेल तर ते का, असं विचारायची हिंमत अण्णांत चौथीपासून नव्हती.

दुसरं प्रूफ दुपारी आलं. बाई सातवीला बदली तासावर अडकल्या होत्या. भाऊसाहेबांनी पहिलं प्रूफ डावीकडे ठेवलं, दुसरं उजवीकडे, आणि भिडवायला, म्हणजे ताडून बघायला, घेतलं. दुसऱ्या प्रुफाला सगळं पान कोणी वाचत नाही. पहिल्यावरच्या खुणा दुसऱ्यात आल्या का, तेवढं बघतात. ‘जरा विचार करा’, आलं आत? आलं. टिक. ‘कारण लिहा’, आलं? आलं. टिक. ‘अक्षर सुधारा’, आलं, आणि ठळक टाईपात आलं. भाऊसाहेबांचा ऊर भरून आला. इतकं चोख काम त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्यांनी खाली लिहिलं, ‘छापण्यास हरकत नाही’, सही केली, आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे पुढे जोडलं, ‘तपासणी लालबाई यांची’.

शाळा सुटायला बाई धावत कार्यालयात आल्या.

“दुसरं प्रूफ आलं का?”

“आलं, भिडवलं, गेलं. तुमची एकही खूण सुटली नाही, बाई. एकही नाही.”

“आणि वीस तारखेचं?”

“आत आलंय.”

“आत म्हणजे?”

“आत म्हणजे आत. मी स्वतः टिक केलीय.”

हे ऐकून कोणालाही बरं वाटलं असतं. बाईंना वाटलं नाही. घरी आल्या, चहा टाकला आणि साखर दोनदा घातली. खुर्चीवर बसल्या, उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या.

“सून आहे का घड्याळाचा लंबक?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही हो आई. परिपत्रक छापायला गेलंय.”

“मग झालं की. छापून येईल.”

“तेच तर.”

नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, “अगं, चूक असती तर तुला दिसली असती. तुला तर माझ्या श्वासातसुद्धा चुका दिसतात.”

“दिसलेली चूक नाही हो. न दिसलेली आहे.”

“न दिसलेली कशी दिसते तुला?”

बाईंनी पायांत चपला सरकवल्या आणि छापखान्याचा रस्ता धरला. सायकलवाल्याच्या दुकानापाशी वाटलं, परत फिरावं. औषधांच्या दुकानापाशी वाटलं, पळावं. छापखान्याचं शटर अर्ध्यावर होतं आणि आतून मशीनचा खटक-खटक आवाज येत होता. बाईंनी हाक मारली. मशीनने ऐकली नाही. शटरवर थाप दिली तर आतून अण्णा ओरडले, “उद्या या, शाळेचं काम चालू आहे.” आपलंच काम आपल्याला हाकलतंय हे बघून बाई तिथेच पायरीवर बसल्या. मग तिथेही बसवेना, तेव्हा घरी आल्या. अंथरुणातही त्यांनी कूस इतक्यांदा बदलली की सकाळी चादरीला पीळ पडला होता आणि सासूबाईंनी कपडे वाळत घालायला तिचा दोरी म्हणून उपयोग केला.

सकाळी पोचायला नेमका उशीर झाला. गठ्ठे आले होते, पहिल्याच तासाला वर्गावर्गात वाटूनही झाले होते. बाई सहावीत शिरल्या तर पहिल्या बाकावरची मुलगी हात वर करून उभी.

“बाई, सुट्टीचं कारण आम्ही लिहायचं की आईने?”

बाईंनी तिच्या हातातला कागद घेतला. वर शाळेचं नाव, मध्ये ‘परिपत्रक’, आणि खाली सुंदर, एकसारख्या काळ्या टाईपात असं होतं.

‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, दुसऱ्या सत्राचे शुल्क दिनांक २० पर्यंत शाळेच्या कार्यालयात भरावे. वीसला शाळा बंद. जरा विचार करा.

सत्रांत सुट्टी दिनांक १२ ते २६ राहील. इतकी का? कारण लिहा.

परीक्षा दिनांक २९ पासून सुरू होईल व वेळापत्रक यथावकाश कळविण्यात येईल. मोघम. पुन्हा लिहून आणा.

प्रयत्न चांगला. अक्षर सुधारा.’

त्याखाली फाडून परत द्यायची चिठ्ठी, पालकांच्या सहीसाठी. आणि शुद्धलेखनाची चूक म्हणाल तर औषधालाही नाही.

बाई खुर्चीवर बसल्या नाहीत, खुर्चीच त्यांच्याखाली आली. मोठ्या बाईंना आत्ता जाऊन सांगावं? सांगितलं तर नोकरी गेली. सगळे कागद परत गोळा करावेत? पोरांनी ते दप्तरात कोंबले होते आणि दप्तरात गेलेला कागद दप्तराची इच्छा असेल तेव्हाच बाहेर येतो. शेवटी बाईंनी स्वतःची समजूत घातली की शाळेची परिपत्रकं आजवर कोणी वाचलेली नाहीत. सह्या करून परत देतात. दरवर्षी तिसरा हिस्सा चिठ्ठ्याही येत नाहीत. जाईल निभावून. संध्याकाळपर्यंत त्या हेच वाक्य मनात घोळवत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा खोटं वाटलं.

आता विचार करा, पालक म्हणजे कोण? कधीकाळची पोरंच. छापील कागदावर शाळेच्या नावाखाली ‘पुन्हा लिहून आणा’ दिसल्यावर जी धास्ती बसते ती वय वाढलं म्हणून जात नाही. दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी फाटकाबाहेर रांग लागली होती, आणि रांगेत एकही पोर नव्हतं.

पहिला एक बसड्रायव्हर. त्याने परीक्षेचं वेळापत्रक पुन्हा लिहून आणलं होतं, पट्टीने रेघा मारून, आणि गणिताचा पेपर बरोबर आपल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बसवला होता, म्हणजे मुलाला स्वतः सोडता येईल. मागे एक नर्स, तिने आपल्या रात्रपाळ्या सांभाळून वेगळं वेळापत्रक केलं होतं. दोघांची रांगेतच जुंपली. शिंपी, सुतार, बँकेतले साहेब, प्रत्येकाच्या हातात आपापलं वेळापत्रक. एका वकिलाने तर खाली साक्षीदारांच्या सह्या घेतल्या होत्या.

सुट्टीची कारणं वेगळीच. एका बाईने चिठ्ठीच्या मागे लिहिलं होतं, ‘सुट्टी इतकी का ते आम्हाला माहीत नाही, आम्ही मागितली नव्हती, माझा मुलगा घरी असला की मला सुट्टी नसते.’ एका आजोबांनी पाच पानं लिहिली आणि शेवटी पेपर वेळेत संपला नाही म्हणून माफी मागितली. आणि गावातले डॉक्टर, ज्यांच्या चिठ्ठीचा अर्थ फक्त औषधवाल्याला लागायचा, त्यांनी ‘अक्षर सुधारा’ इतकं मनाला लावून घेतलं की दुरेघी वही आणून रात्रभर गिरवत बसले. सकाळी त्यांची चिठ्ठी लखलखीत. औषधवाल्याला ती वाचताच येईना. त्याने पेशंटला परत पाठवलं, “ही खोटी आहे, डॉक्टरांकडून नीट लिहून आण.”

“आणि ‘जरा विचार करा’चं काय झालं?” बाकावरून तुमच्यापैकीच कोणीतरी विचारणार, म्हणून सांगतो. शाळेच्या आवारात कडेकडेने पंधरा-वीस वडील हाताची घडी घालून उभे होते, खाली बघत. शिपायाने विचारलं, “काय काम आहे?” तर एक जण म्हणाला, “विचार करतोय. सांगितलंय.”

मोठ्या बाईंनी लालबाईंना आणि भाऊसाहेबांना खोलीत बोलावलं तेव्हा टेबल चिठ्ठ्यांनी दिसेनासं झालं होतं.

“हे कोणी तपासलं?” मोठ्या बाईंनी परिपत्रक वर धरलं.

भाऊसाहेबांनी दोन्ही प्रूफं टेबलावर ठेवली. “बघा, मोठ्या बाई. एकही खूण सुटलेली नाही.”

मोठ्या बाईंनी पहिलं प्रूफ पाहिलं. मग लाल पेन खोचलेला अंबाडा पाहिला.

“बाई, पालक म्हणजे आठवी ब आहे का?”

“नाही बाई.”

“मग ‘प्रयत्न चांगला’ कोणाला?”

“परिपत्रकाला,” लालबाई म्हणाल्या. “माझी चूक आहे. शंका वेगळ्या कागदावर लिहायला हव्या होत्या. गोल फक्त त्यांनाच करायला हवा होता. आणि दुसरं प्रूफ मी स्वतः बघायला हवं होतं, वर्ग सोडून.”

“चूक एक नाही मग, तीन आहेत.” मोठ्या बाईंनी हिरवं पेन उचललं आणि कोरा कागद पुढे ओढला. लालबाईंना कळलं की हा कागद कसला आहे. डाळीतलं पाणी त्यांना ऐकू यायला लागलं. आता गप्प राहून काही वाचणार नव्हतं.

“बाई, एक विचारू? वीसला शाळा बंद आहे ना?”

पेन थांबलं. मोठ्या बाईंनी मूळ प्रत ओढून घेतली. हिरव्या शाईतले वीस, हिरव्या शाईतले बारा ते सव्वीस, आणि खाली हिरवी सही. मग त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, जिथे वडील विचार करत उभे होते.

“म्हणजे हे जसंच्या तसं, न चुकता छापलं असतं तर…”

“तर वीसला एवढे सगळे फाटकाला कुलूप बघून परत गेले असते,” भाऊसाहेब म्हणाले. ते सरळ बोलले, नेहमीप्रमाणे, आणि खोलीत कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मोठ्या बाईंनी कागद परत ढिगात सारला. “आणि सुट्टी? सुट्टी पंधरा दिवसांची कशी झाली?”

“गेल्या वर्षीच्या प्रतीत शेवटचा आकडा एकोणीस होता,” भाऊसाहेब म्हणाले. “तुम्ही सव्वीस केला.”

“मी केला.” मोठ्या बाईंनी कॅलेंडर उघडलं, बोटाने आठवडे मोजले आणि बोट एका ओळीवर रुतलं. त्यांनी एक आठवडा जास्त खाली बघितलं होतं. “एकोणीसच आहे.” मग त्या लालबाईंकडे वळल्या, आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. “दुपारपर्यंत शुद्धिपत्रक काढायचं. तुम्ही तपासायचं, पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, छापखान्यात उभं राहून. मी तुम्हाला सांगितलं होतं, एकही चूक न होता परिपत्रक पालकांच्या हातात पडलं तर. तो शब्द अजून आहे. पण हा शेवटचा कागद.”

लालबाईंनी अंबाड्यातलं लाल पेन काढून भाऊसाहेबांच्या खिशात ठेवलं आणि त्यांच्या कानावरची पेन्सिल घेतली.

नवी मूळ प्रत कोऱ्या कागदावर लिहिली गेली, गेल्या वर्षीच्या नाही. शुल्काची शेवटची तारीख दहा झाली, सुट्टी लागण्याआधीची. सुट्टी बारा ते एकोणीस. परीक्षेचं वेळापत्रक विषय, वार आणि वेळेसकट तिथेच छापायचं ठरलं, गणित कोणाच्या साप्ताहिक सुट्टीवर न ठेवता. अण्णांनी मशीनवरचं दुसरं काम बाजूला ठेवलं, आणि त्यांच्या छापखान्यात, कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये, भाऊसाहेब वाचू लागले आणि बाई प्रुफावर वाकल्या. आकडे आले की बाई थांबवायच्या. “एक-शून्य असं वाचा, दहा नको.” तारखेशेजारी वार आला की कॅलेंडर उघडायच्या. समासात शब्द लिहावासा वाटला की पेन्सिल आपोआप पुढे जायची, मग बाई डाव्या हाताने उजवं मनगट धरायच्या. शंका आली ती वेगळ्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी भाऊसाहेबांच्या हाती सरळ मोठ्या बाईंकडे. ह्या कामाला सरळ माणूस फार उपयोगी पडला.

दुसरं प्रूफ बाईंनी खालून वर वाचलं, शेवटची ओळ आधी, म्हणजे डोळ्याला अर्थाची लालूच लागत नाही. मग वरून खाली. मग पान उलटं धरून. अण्णा म्हणाले, “बाई, बस करा, शाई वाळली.” तरी त्यांना उठवेना. सही करायला हात टेकला, उचलला, परत टेकला. अखेर ‘छापण्यास हरकत नाही’ लिहिलं आणि मशीन सुरू झाल्यावरही त्या तिथेच उभ्या राहिल्या, निघणारा प्रत्येक कागद उचलून बघत, हजाराच्या हजार.

दुपारी वाटप झालं. संध्याकाळी फाटकाबाहेर कोणी नाही. दुसऱ्या दिवशी कोणी नाही. दहापर्यंत शुल्क भरलं गेलं, एकोणीसला सुट्टी संपली, परीक्षा ज्या वारी लिहिली त्याच वारी सुरू झाली. बैठकीत पत्र ठेवलं गेलं आणि संस्थेच्या लोकांनी शुद्धिपत्रक हातोहात फिरवलं, भिंगं लावून, उजेडात धरून. तारीख नाही, वार नाही, आकडा नाही, कार्यालयाचा फोन नंबरसुद्धा नाही, त्या अख्ख्या कागदात शोधून एकही चूक सापडली नाही, आणि लालबाई त्या दिवसापासून कायम झाल्या.

टायपिंगचा आवाज थांबला. ताईने खुर्ची फिरवली.

“आजोबा, वीज कंपनीने रीत दाखवली, ते ऐकून घेतलं. डॉक्टरांचं अक्षर सुधारलं, तेही गिळलं. पण शाळेचं परिपत्रक, तेही शुद्धिपत्रक, आणि त्यात एकही चूक नाही? हे साफ खोटं आहे.”